ओळख करून देताना काय सांगायचं?

आपल्या दोन मित्रांची गाठ घालून देताना आपण साधारण काय म्हणतो? ‘हा बँकेत आहे, ही शाळेत शिकवते. आणि दोघंही मराठी बरं का!’ मग ‘मूळचे कुठले?’ होतं, आडनावावरून एखादं नातं निघतं आणि पाच मिनिटांत दोघंही आपल्याकडे बघायला लागतात. महाराष्ट्राबाहेर हे हमखास घडतं. भाषा एक असली की बोलता येतं, पण कशाबद्दल बोलायचं ते भाषा सांगत नाही.

बडोद्याहून माझी महिनाभरात बदली होणार होती. तिथं नव्यानं आलेल्या माझ्या मैत्रिणीला माझ्याखेरीज कुणी ओळखीचं नव्हतं. ती भौतिकशास्त्र शिकवते. माझा मित्र बँकेत, पण वाढला नाशिककडच्या शेतात. वरवर पाहता काहीच जुळत नव्हतं. म्हणून मी एवढंच बघितलं, की सध्या कोण कशाशी झटतंय? मैत्रिणीनं गच्चीवर दुधी लावला होता. फुलं भरपूर यायची, बोटाएवढा दुधी दिसायचा आणि पिवळा पडून गळायचा.

‘हे त्याला सांगू का?’ असं मी तिला आधी विचारलं. भेटीत म्हटलं, ‘हिचे दुधी गळतात. तुमच्या शेतात वेल होते ना?’

त्यानं लगेच विचारलं, ‘फूल कधी उमलतं, बघितलंत?’ दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या फारशा नसतात. ‘संध्याकाळी नर फूल तोडा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा.’ ‘मादी कोणतं?’ ‘ज्याच्या मागं इवलासा दुधी असतो ते.’ मग तिनं वहीच काढली. किती फुलांना हात लावायचा, किती तशीच ठेवायची, म्हणजे फरक कळेल!

मी जागेवरून उठलो तो तेव्हा. खूण सोपी आहे. उत्तर देताना ते आपल्याकडे बघत असतील, तर अजून बसायचं. एकमेकांकडे बघायला लागले, की चहा टाकायला जायचं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सांगायची अडचण लहान हवी. आजारपण, गेलेली नोकरी, मोडलेलं लग्न हे ज्याचं त्यानंच सांगायचं असतं. आणि ‘हा फार हुशार’ असं कौतुक नको, कारण मग समोरचा जपून बोलतो.

अशा अडचणीचा आणखी एक फायदा असतो. ती एका बैठकीत सुटत नाही. दुधी धरला की नाही, ते आठवड्याभरानं कळणार होतं. पुढची भेट त्या दोघांनीच ठरवली, मला न विचारता.