सर्दी गेली, खोकला मागे राहिला

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलीभाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, खोकला. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. बीपी, शुगर, हार्ट असं काहीतरी भारदस्त हवं होतं त्यांना. पण लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या पिशव्या हातात असताना मला अडवून जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, तो असा: "डॉक्टर, सर्दी जाऊन महिना झाला, ताप नाही, कफ नाही, पण हा कोरडा खोकला जातच नाही. काय करू?" आज फक्त या एका खोकल्याबद्दल बोलणार आहे.

आधी दिवसांचा हिशेब करू. आपली समजूत अशी की खोकला आठवड्यात जायला हवा. आठव्या दिवशी आपण मेडिकलवाल्याकडे जातो आणि अँटिबायोटिक मागतो. प्रत्यक्षात व्हायरल सर्दी छातीत उतरली तर त्यानंतरचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो. सरासरी म्हणजे बऱ्याच लोकांचा त्याहूनही जास्त. तीन ते आठ आठवडे चालणारा खोकला डॉक्टरांना नवीन नाही. सर्दीचा विषाणू जातो, पण जाताना श्वासनळीचं आतलं नाजूक अस्तर सोलवटून जातो. गुडघा खरचटल्यावर तिथे साधं कापड घासलं तरी झोंबतं ना, तसं. खोकल्याचा निरोप मेंदूकडे नेणारी जी नस आहे, व्हेगस तिचं नाव, तिची टोकं त्या अस्तरात असतात आणि ती काही आठवडे फार हळवी होऊन बसतात. मग फोडणीचा वास, उदबत्ती, एसीची गार हवा, मोठ्यानं हसणं, फोनवर लांबलचक बोलणं, कशानंही ढास लागते. या नसेची एक फांदी कानातही जाते. म्हणून काही जणांना कानात काडी घातली तरी खोकला येतो. (काडी घालू नका, हे ओघात सांगतो.)

अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, कारण मारायला जंतूच उरलेला नसतो. तरीही पाचव्या आठवड्यात येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत दोन कोर्सची रिकामी पाकिटं आणि तीन रंगांच्या सिरपच्या बाटल्या हमखास असतात.

मात्र एक गोष्ट आपल्या देशात राहणाऱ्यांनी पक्की लक्षात ठेवायची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा आपल्याकडचा सरकारी नियम आहे आणि तो बरोबर आहे. थुंकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, बरोबर छातीचा एक्स-रे काढायचा. "आमच्या घरात कसा टीबी असेल" असं म्हणू नका, तो फ्लॅटचा एरिया विचारून येत नाही. थुंकीतून रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, चालताना दम, आवाज बसून राहणं, किंवा वर्षानुवर्षं विडी-सिगारेट आणि खोकल्याची जातच बदललेली, यातलं काहीही असेल तर मी पुढे सांगणार आहे ते घरचे उपाय करत बसू नका, आधी दाखवा.

आता एक्स-रे स्वच्छ आहे, तरी खोकला आहे, असं धरू. एका बाईंचं उदाहरण सांगतो. आपल्या सोसायटीतल्या नाहीत, तेव्हा शेजारी बघून अंदाज बांधू नका. वय चोपन्न, शाळेत शिक्षिका. गणपतीत सर्दी झाली, आठ दिवसांत गेली, खोकला राहिला. माझ्याकडे आल्या तेव्हा पाचवा आठवडा संपत आला होता. वर्गात दोन वाक्यं बोलल्या की ढास. रात्री नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला गेलेला. आणि बऱ्याच वेळानं, उठता उठता त्यांनी सांगितलं की खोकताना लघवीचे थेंब गळतात, म्हणून शाळेत उभं राहून शिकवायची धास्ती वाटते. मंडळी, हे फार बायकांना होतं आणि त्या कोणालाही सांगत नाहीत. सांगा. खोकला थांबला की बहुतेक वेळा तेही पुष्कळ कमी होतं, आणि नाही झालं तर त्यालाही व्यायाम आहेत.

मी त्यांना विचारलं, तुमच्या खोकल्याचं वेळापत्रक काय? कोणत्या वेळी येतो, कोणत्या अवस्थेत येतो? हा प्रश्न कुठल्याही महागड्या टेस्टपेक्षा जास्त सांगून जातो. त्या म्हणाल्या, सकाळी उठल्यावर पंधरा मिनिटं घसा खाकरावा लागतो, काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. दिवसा बोलताना येतो. रात्री जेवून दहाला आडवी झाले की अर्ध्या तासात परत सुरू.

सकाळचं खाकरणं म्हणजे नाकाचं काम. सर्दी गेली तरी नाकाच्या मागच्या बाजूनं पातळ शेंबूड घशात उतरत राहतो. समोरून नाक वाहत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सर्दी संपली. टॉर्चनं बघितलं तर घशाच्या मागच्या भिंतीवर बारीक खडे पसरल्यासारखे उंचवटे दिसतात. त्यांना दिसत होते.

यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुणं उत्तम. एक पेला, म्हणजे अडीचशे मिली, उकळून कोमट केलेलं पाणी आणि त्यात अर्धा छोटा चमचा मीठ. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं थेट नको. जलनेतीचं भांडं असेल तर तेच वापरा. त्यानंतर नाकाचा स्टेरॉइड स्प्रे. हा स्प्रे निम्मे लोक चुकीचा मारतात. मान वर करून मारला की औषध सरळ घशात जातं. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला जातं. जोरात हुंगायचं नाही. आणि दोन दिवसांत सोडायचा नाही, त्याला दोन आठवडे द्यावे लागतात.

रात्रीचं आडवं झाल्यावरचं खोकणं बघून दुसरा संशय आला. पोटातलं वर येतंय का? त्या म्हणाल्या, "मला ॲसिडिटी मुळीच नाही." इथेच बरेच जण फसतात. छातीत जळजळ न होतासुद्धा पोटातलं थोडंसं अन्ननलिकेत वर येऊ शकतं आणि तेवढ्यानं ती हळवी नस चाळवते. शिवाय खोकताना पोटावर दाब येतो, त्यानं आणखी वर येतं, त्यानं आणखी खोकला. असं ते चक्र फिरत राहतं. जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर येणारा खोकला आणि सकाळचा घोगरा आवाज या त्याच्या खुणा.

ज्यांना जळजळ होते त्यांना ॲसिडच्या गोळीचा उपयोग होतो, आणि तीही सकाळी उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास घेतली तर. ज्यांना जळजळ नाही त्यांचा खोकला नुसत्या गोळीनं सहसा हटत नाही, कारण वर येणाऱ्यात ॲसिड असतंच असं नाही. म्हणून या बाईंना मी गोळी दिली नाही. जेवण साडेनवावरून सातला आणायला लावलं, म्हणजे झोपेआधी तीन तास. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा, सहा इंच उंची येईल अशा. दोन उश्या घेऊन चालत नाही, त्यानं फक्त मान वाकते आणि पोट उलट दाबलं जातं. झोपायचं डाव्या कुशीवर.

दिवसाचं बोलताना येणारं खोकणं म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं सोलवटलेलं अस्तर. त्याला काळच लागतो. पण प्रत्येक ढासेनं ते अस्तर पुन्हा घासलं जातं, म्हणून ढास यायला लागली की तोंड मिटा, पाण्याचा एक घोट गिळा, मग नाकानं सावकाश श्वास घ्या. पहिले दोन दिवस जमत नाही. नंतर दहातल्या चार-पाच उबळी परतवता येतात. रात्री चमचाभर मध घ्या, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही.

दमा तर नाही ना, हेही पाहिलं. दम्याचा खोकला पहाटे तीन-चारला उठवतो, जिना चढल्यावर वाढतो, आणि कधीकधी शिट्टीचा आवाज न येता नुसता खोकलाच असतो. त्यांची फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, नॉर्मल आली. ती एकदा नॉर्मल आली म्हणून दमा शंभर टक्के नाही असं होत नाही, पण त्यांची लक्षणंही तशी नव्हती. म्हणून इन्हेलर दिला नाही.

दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा सकाळचं खाकरणं गेलं होतं, रात्रीचं निम्मं उरलं होतं. बोलतानाची ढास शेवटी गेली, नवव्या आठवड्यात. आठ आठवड्यांच्या पुढे गेल्यामुळे मी एक्स-रे पुन्हा बघितला, स्वच्छ होता. आठ आठवडे ओलांडले आणि खोकला कमी होत नसेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, ते इथे देतो.

सी विंगमधल्या एका आजोबांनी विचारलं, "मला नाकाचं नाही, पोटाचं नाही, पण तीन महिने घशात गुदगुल्या होऊन खोकला येतो." त्यांना मी बीपीची गोळी कोणती ते विचारलं. खिशातून पट्टी निघाली, रामिप्रिल. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला येतो, कधीकधी गोळी सुरू करून कित्येक महिन्यांनी. गोळी आपली आपण बंद करायची नाही, बीपी उसळेल. पट्टी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जायचं, ते बदलून देतात. बदलल्यावर खोकला लगेच थांबत नाही, साधारण एक ते चार आठवडे आणि क्वचित तीन महिनेही लागतात. आजोबांना एक्स-रेही काढायला सांगितला आहे, कारण तीन महिन्यांचा खोकला नुसत्या अंदाजावर सोडायचा नसतो.

दुसरा प्रश्न एका ताईंचा होता, वाफ घेऊ का? घ्या, बरं वाटतं, पण नाकाचं काम मिठाचं पाणी जास्त चांगलं करतं. आणि घरात लहान मूल असेल तर उकळत्या पाण्याचं पातेलं जमिनीवर ठेवून वाफ घेऊ नका. खोकल्यापेक्षा ते भाजणं बरं व्हायला जास्त दिवस घेतं.