शंट आणि शून्याची चूक

विजेच्या मोटारीचा प्रवाह मोजण्यासाठी तिच्या परतीच्या तारेत, ऋण टोकाजवळ, अल्प रोधक बसवितात, तोच शंट. मोटार ५ अँपिअर घेत असून शंट ०.०१ ओहमचा असेल, तर त्यावर ५० मिलिव्होल्ट दाब पडतो. वर्धक तो ५० पट करून २.५ व्होल्ट दाखवितो. परंतु वर्धकाच्या अंगीच २ मिलिव्होल्टांची चूक असली, तर ०.२ अँपिअर प्रवाह नसतानाच दिसतो. पूर्ण भारावर ही चूक शेकडा ४. अर्ध्या अँपिअरवर मात्र शेकडा ४०! शंट दसपट केल्यास ती दशांश होते खरी. पण पाव वॅटऐवजी अडीच वॅट उष्णता सोसावी लागते. त्यापेक्षा मोटार बंद असतानाचा आकडा टिपून वजा करावा. चूक ऋण असून वर्धकास ऋण पुरवठा नसेल, तर मात्र तेथे फसवे शून्यच दिसते. तेव्हा ज्ञात अल्प प्रवाह सोडून ती चूक शोधावी लागते.