सही करण्याआधी तीन कलमं वाचा

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली आता नर्सिंगचा कोर्स करून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या खासगी दवाखान्यांत लागतात. नोकरी लागली की हातात चार-पाच पानांचं नियुक्तीपत्र येतं, बहुतेक वेळा इंग्रजीत, आणि "इथे सही करा" असं सांगतात. त्यातल्या तीन कलमांबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

एक उदाहरण धरू. मुलीचा पगार महिना १५,००० रुपये. पत्रात लिहिलंय : दोन वर्षं नोकरी करावी लागेल, आधी सोडली तर एक लाख भरावे लागतील. नोकरी सोडताना दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल. आणि सोडल्यावर वर्षभर पंधरा किलोमीटरच्या आत दुसऱ्या दवाखान्यात काम करता येणार नाही.

वाचताना तिसऱ्या कलमाचीच जास्त भीती वाटते. पण कायद्यापुढे तेच सगळ्यांत लंगडं आहे. भारतीय करार कायदा १८७२, त्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर काम-धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या अडवण्यापुरता रद्द समजावा. त्यामुळे नोकरी सुटल्यावर शेजारच्या दवाखान्यात लागायला सहसा आडकाठी करता येत नाही. मात्र नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नका ही अट चालते. म्हणून रात्रपाळी इथे आणि दिवसा दुसरीकडे, असा विचार असेल तर ते कलम नीट वाचा.

बाँडचं तसं नाही. तो खरा असतो. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा बाँड योग्य ठरवला : तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख. तेव्हा "बाँडला काही अर्थ नसतो" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण त्याच करार कायद्याचं कलम ७४ असंही म्हणतं की लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, वाजवी भरपाई त्यापेक्षा जास्त मिळत नाही. एक लाख लिहिले म्हणून एक लाख आपोआप द्यायचे असं नाही. दवाखान्यानं मुलीच्या प्रशिक्षणावर खरंच काय खर्च केला, हे कोर्टात विचारलं जातं. आठ दिवस सीनियर सिस्टरबरोबर उभं केलं, एवढंच असेल तर दावा कमकुवत होतो.

पण कोर्टाची पायरी चढायची वेळ येण्यापेक्षा सहीआधी एक वाक्य मागून घेणं सोपं. "जेवढे महिने काम झालं, तेवढी बाँडची रक्कम कमी होईल," हे वाक्य. एक लाख भागिले चोवीस महिने, म्हणजे महिन्याला साधारण ४,१६७ रुपये. मुलीनं अठरा महिने काम करून नोकरी सोडली तर उरले सहा महिने, म्हणजे २५,००० रुपये. हे वाक्य नसेल तर तेव्हाही पूर्ण लाखच मागतील. बदल पेनानं लिहिला तरी चालतो, फक्त दोन्ही प्रतींवर, दोघांच्या सह्यांनिशी.

नोटिशीच्या कलमात तीन गोष्टी पाहा. एक, दवाखान्यानं काढायचं ठरवलं तर त्यांनाही दोन महिनेच आधी सांगावं लागतं का? कित्येकदा आपल्याला दोन महिने आणि त्यांना सात दिवस असं असतं. दोन, नोटीस न देता जायचं तर किती पैसे भरायचे, आणि ते मूळ पगारावर की पूर्ण पगारावर? आपल्या उदाहरणात पूर्ण पगारावर ३०,००० होतात, मूळ पगार ८,००० असेल तर १६,०००. तीन, बाँडचे पैसे आणि नोटिशीचे पैसे दोन्ही लागणार का? हे स्पष्ट लिहून घ्या. नोटीस द्यायची वेळ आली तर कागदावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही.

आणखी दोन गोष्टी काही ठिकाणी मागतात : मूळ प्रमाणपत्रं आणि सही केलेला कोरा चेक. प्रमाणपत्रं दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी आणा. ते अडकले तर दुसरी नोकरी अडकते, मग कलम २७ चा उपयोग काय? कोरा चेक तर देऊच नका. त्यावर आकडा ते लिहिणार, आणि तो वटला नाही तर चेक बाउन्सची फौजदारी केस मुलीवर.

"घरी वाचून उद्या सही करते," एवढं म्हणायला मुलीला शिकवा, आणि सही केलेल्या पत्राची एक प्रत मागून घ्या. इंग्रजी कळत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे पत्र घेऊन जा. महिलांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत सल्ला मिळतो. फोन करायचा तर क्रमांक १५१००. येत्या मासिक बैठकीला ज्यांच्या घरी असं पत्र आलंय, त्यांनी झेरॉक्स घेऊन या. बचतीचा हिशेब झाला की आपण एकेक पत्र वाचू.