खांद्याच्या माथ्यावरचे दुखणे : सांधा की हाड?

(लोहारा येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की आमच्या ओपीडीत एक ठरावीक रुग्ण दिसू लागतो. चिखलात मोटारसायकल घसरली आणि माणूस खांद्यावर आपटला. आत येतो तोच दुखऱ्या हाताचा कोपर दुसऱ्या हाताने सावरून. म्हणतो, "डॉक्टर, खांदा उखळलाय. दोनदा चोळून घेतला, पण ठणका वाढतच चाललाय." आज मी या एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहे: पडल्यानंतर खांद्याच्या वरच्या अंगाला दुखते, तेव्हा नेमके काय मोडलेले किंवा फाटलेले असते आणि ते ओळखायचे कसे.

गळ्याखाली दोन्ही बाजूंना एकेक आडवे हाड हाताला लागते. त्याला कॉलरबोन म्हणतात. त्याचे आतले टोक छातीच्या हाडाला आणि बाहेरचे टोक खांद्याच्या माथ्याला, म्हणजे पाठीमागच्या फऱ्याच्या हाडाच्या पुढे आलेल्या टोकाला जोडलेले असते. हा बाहेरचा छोटा सांधा म्हणजे एसी जॉइंट. खांद्याच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत बोट दाबले की तो सापडतो. याशिवाय थोड्या खालच्या बाजूला दोन मजबूत लिगामेंट असतात आणि फऱ्याचे हाड व हात यांचा भार त्यांच्यावर असतो. आढ्याला दोऱ्यांनी पाळणा टांगावा, तसा सगळा हात कॉलरबोनला टांगलेला असतो.

माणूस खांद्याच्या टोकावर पडतो तेव्हा जमीन हा माथा खाली दाबते. मग दोहोंपैकी एक होते. आढे टिकले तर दोऱ्या तुटतात. ही सांध्याची दुखापत. दोऱ्या टिकल्या तर आढेच मोडते. हे कॉलरबोनचे फ्रॅक्चर. पडण्याची तऱ्हा दोन्हींत बहुधा सारखीच असते. म्हणून "कसे पडलात" एवढ्यावर निदान होत नाही, "कुठे दुखते" यावर होते.

मी रुग्णाला सांगतो, एका बोटाने जागा दाखवा. पुष्कळजण आधी सगळा तळवा खांद्यावर फिरवतात. थोडा धीर धरला की बोट एका जागी थांबते. ते खांद्याच्या कडेजवळ, त्या छोट्या सांध्यावर थांबले तर संशय सांध्याचा. गळा आणि खांदा यांच्या मध्यावर थांबले, तिथे सूज असली, हाडाची धार टोचत असली किंवा करकर जाणवली, तर हाड मोडल्याचा संशय. कॉलरबोनची दहापैकी सुमारे आठ फ्रॅक्चर मधल्या भागातच होतात. मग मी दुखऱ्या बाजूचा हात समोरून दुसऱ्या खांद्यावर नेतो. सांध्याला मार असेल तर नेमकी माथ्यावर कळ येते. मात्र हाड मोडल्याचा संशय असेल तिथे ही तपासणी मी करत नाही.

अशाच एका रुग्णाची गोष्ट सविस्तर सांगतो. बोट सांध्यावर थांबले होते आणि तिथे कॉलरबोनचे टोक टेंगळासारखे वर आले होते. त्याला वाटत होते की हाड वर सरकले. खरे तर हाड जवळपास जागेवर होते, हातच खाली उतरला होता. मी कोपर खालून वर उचलला तसा उंचवटा कमी झाला. खांद्याच्या साध्या एक्स-रेत हा सांधा अनेकदा काळा पडून नीट दिसत नाही. म्हणून नळी डोक्याकडे दहा-पंधरा अंश तिरपी करून, एक्स-रेची मात्रा कमी ठेवून फोटो काढतात, तोही दोन्ही खांद्यांचा. त्याच्या चांगल्या बाजूला कॉलरबोन आणि खालचे हाड यांतले अंतर बारा मिलिमीटर होते, दुखऱ्या बाजूला एकोणीस. म्हणजे दोन्ही लिगामेंट तुटलेली. याला तिसरा प्रकार म्हणतात. पहिल्या प्रकारात लिगामेंट नुसते ताणलेले असते आणि फोटो अगदी नॉर्मल येतो. तेव्हा नॉर्मल फोटो आला म्हणजे दुखणे खोटे, असे समजू नका.

पहिल्या दोन प्रकारांत ऑपरेशन लागत नाही. एक-दोन आठवडे झोळी, बर्फाचा शेक आणि मग हालचाल. तिसऱ्यातही बहुतेकांना आधी विनाऑपरेशनच पाहतात. या रुग्णाला मी तीन आठवडे झोळी दिली. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायला लावले. सहा आठवड्यांनी हात डोक्यापर्यंत जात होता आणि पोते उचलायची परवानगी तीन महिन्यांनी दिली. टेंगूळ आजही आहे, पण तो काम करतो. टोक मागे घुसले असेल किंवा हात फारच खाली उतरला असेल, तर मात्र ऑपरेशनचा विचार लवकर करावा लागतो.

हाड मोडले असेल तर हिशेब वेगळा. मधले फ्रॅक्चर फार सरकलेले नसेल तर झोळीतच जुळते. मुलांत तीन ते सहा आठवडे, मोठ्यांत सहा ते बारा. पाठीवरून बांधायच्या आठच्या आकाराच्या पट्ट्याने झोळीपेक्षा जास्त फायदा होत नाही, त्रास मात्र जास्त होतो. टोके पूर्ण सुटली, हाड दोन सेंटिमीटरच्या आसपास आखडले किंवा टोकाने कातडी ताणून पांढरी पडली, तर प्लेट बसवण्याचा विचार होतो.

सर्वांत जास्त फसगत बाहेरच्या टोकाजवळच्या फ्रॅक्चरमध्ये होते. दुखते सांध्याच्या जागीच, पण मोडलेले असते हाड, आणि ते सरकलेले असेल तर न जुळण्याची भीती जास्त. पोरांत उलटे घडते. सांधा निखळल्यासारखा दिसतो, पण वाढीच्या भागातून हाड सुटलेले असते आणि ते बहुधा आपोआप भरून येते. हा फरक फोटोवाचून कळत नाही.

'खांदा निखळला' हा शब्द आपण सगळ्यालाच वापरतो. मार्च २०२१मध्ये पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात श्रेयस अय्यरचा डावा खांदा निखळला आणि पुढे ऑपरेशन करावे लागले. तो खालचा, गोळा-वाटीचा मोठा सांधा. आज सांगतोय तो त्याच्या वरचा. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

हा भेद नवा नाही. सुश्रुताने सांधा सुटणे आणि हाड मोडणे हे दोन स्वतंत्र विभाग केले, पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले. आधी ओळखा, मग बांधा, हा क्रम तेव्हापासूनचा आहे. न ओळखता चोळले तर मोडलेली धार आतल्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा करू शकते.

म्हणून माझे मागणे एवढेच. खांद्यावर पडलात तर हात झोळीत घ्या, चोळू नका, ओढून बसवू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. गरज पडल्यास उमरग्याचे उपजिल्हा रुग्णालय, लातूर किंवा सोलापूर गाठा. हाताला मुंग्या येत असतील, बोटे गार पडली असतील, दम लागत असेल, गिळायला त्रास होत असेल, कातडी फाटली असेल किंवा डोक्यालाही मार असेल, तर एक दिवसही थांबू नका. आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर सगळा खांदा दाखवू नका. एका बोटाने जागा दाखवा.