पोळी कोणी खाल्ली? : मराठी क्रियापदाची एक वेगळी चाल
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



एका चुकीपासून आरंभ करते. ती चूक माझी आहे. अनेक वर्षांपूर्वी पाचवीच्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘भाऊ पोळी खाल्ला.’ मी लाल शाईने रेघ ओढली आणि शेजारी लिहिले, ‘निष्काळजीपणा.’ तो निष्काळजीपणा नव्हता. त्या मुलाने एक नियम काटेकोरपणे पाळला होता. फक्त तो नियम मराठीचा नव्हता.

दोन साधी वाक्ये घेऊ. ‘मुलगा पोळी खातो.’ ‘मुलगी पोळी खाते.’ खाणारा बदलला की क्रियापद बदलते. कर्ता पुढे चालतो आणि क्रियापद त्याच्या मागे जाते. शाळेत आपण यालाच कर्तरी प्रयोग म्हणतो. इंग्रजीतही क्रियापद कर्त्याकडेच पाहते. त्यामुळे भाषेची हीच एक रीत आहे, असे आपल्याला वाटू लागते.

आता तीच गोष्ट काल घडली असे समजा. ‘मुलाने पोळी खाल्ली.’ ‘मुलाने आंबा खाल्ला.’ ‘मुलाने केळे खाल्ले.’ खाणारा एकच आहे, तरी क्रियापद तीनदा बदलले. ते आता खाणाऱ्याकडे पाहत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. आणि खाणाऱ्याला ‘ने’ लागला आहे. याच्या शेजारी ‘मुलगी आली’ हे वाक्य ठेवा. येण्यात कर्म नसते, म्हणून येथे ‘मुलगी’ला प्रत्यय नाही आणि क्रियापद तिच्यामागे जाते. म्हणजे भूतकाळात ‘आली’मधली मुलगी आणि ‘खाल्ली’मधली पोळी एका पंक्तीत बसतात, तर खाणारा मुलगा ‘ने’ लावून वेगळा बसतो. या मांडणीला भाषाशास्त्रात ‘एर्गेटिव्ह’ रचना म्हणतात. आपल्या व्याकरणातील कर्मणी प्रयोगाचे भूतकाळी रूप ते हेच. स्पेन व फ्रान्सच्या सीमेवरील बास्क भाषेत ही रीत सर्व काळांत चालते. मराठीत आणि हिंदीत ती मुख्यतः पूर्ण झालेल्या क्रियेपुरती आहे.

‘मी’ आणि ‘तू’ यांना मात्र आज ‘ने’ लागत नाही. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ अशी वेगळी रूपे होती. ती प्रमाण भाषेतून गेली. रचना मात्र गेली नाही. मी स्त्री आहे, म्हणून ‘मी आले’ म्हणते. पण ‘मी आंबा खाल्ला’ असेच म्हणते. तो ‘ला’ आंब्याचा आहे, माझा नव्हे. ‘तू पोळी खाल्लीस’ यात तर ‘ली’ पोळीची आणि शेवटचा ‘स’ तुझा, असे दोघेही एकाच क्रियापदात नांदतात.

कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद दोघांकडेही पाहणे सोडते : ‘मुलाने मुलीला पाहिले.’ तो भावे प्रयोग. काही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याची साथ सोडत नाहीत : ‘ती साडी नेसली’, ‘तो धडा शिकला’, ‘ती छत्री विसरली’. ती पाठच करावी लागतात.

आता त्या मुलाकडे परत येऊ. रायपूरच्या अंगणात त्याच्या कानावर तीन भाषा पडत होत्या. हिंदीत ‘लड़के ने रोटी खाई’. येथे ‘ने’ही आहे आणि क्रियापद रोटीमागे जाते. पण छत्तीसगढीत ‘बाबू रोटी खाइस’, ‘नोनी रोटी खाइस’ आणि ‘मैं रोटी खायेंव’. तेथे ‘ने’ नाही. रोटी असो वा आमा, क्रियापद खाणाऱ्याच्याच मागे जाते. हा छत्तीसगढीचा स्वतःचा नियम आहे, बिघडलेली हिंदी नव्हे. हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्येच या भाषेचे व्याकरण लिहिले होते. आमच्या विद्यार्थ्याने शब्द मराठी घेतले आणि चाल छत्तीसगढीची. दुसरी एक मुलगी ‘मीने पोळी खाल्ली’ लिहीत असे. तिची चाल बरोबर होती. ‘मैंने’मधला ‘ने’ तेवढा तिने हिंदीतून आणला होता. दोन चुका, दोन निराळी कारणे. एकच लाल रेघ दोघांनाही काहीच शिकवत नाही.

म्हणून पालकहो, मूल असे बोलले तर त्याला रागावू नका. पोळीच्या जागी आंबा ठेवा, मग केळे ठेवा आणि विचारा, ‘शेवट कोणामुळे बदलला?’ त्या मुलाला मी हे पुढच्या आठवड्यात विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘बाई, पोळीमुळे.’ मग मी वहीतला तो शब्द स्वतः खोडला.