डोक्यातील गजकर्ण: मलम नव्हे, गोळ्या
पालकहो, मुलाच्या डोक्यावर दुखरी, दाबल्यास लिबलिबीत लागणारी, पू झिरपणारी सूज आली आणि तेथील केस ओढताच सहज निघत असतील, तर तिला गळू समजून चिरा देऊ नका. हा डोक्यातील गजकर्ण असू शकतो. त्याची बुरशी केसाच्या मुळाशी व केसातही वाढते. मलम तेथवर पोहोचत नाही. पोटात घेतलेले औषध मात्र रक्तावाटे वाढत्या केसात उतरते. म्हणून डॉक्टर तपासणी करून, वजनानुसार, ग्रिसिओफुल्विनच्या गोळ्या बहुधा 6 ते 8 आठवडे देतात. त्या जेवणासोबत किंवा सायीच्या दुधाबरोबर द्याव्यात. सूज ओसरली तरी त्या मध्येच थांबवू नयेत. उपचारास उशीर झाल्यास तेथे कायमचे टक्कल पडू शकते. भावंडांचेही डोके तपासून घ्यावे.