दोनशे एकोणीस वेळा आलेला एक शब्द

(गणेशोत्सवात मंडळाच्या ग्रंथालय समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि बक्षीस समारंभ यांच्यामधली पंधरा मिनिटं आम्हाला दिलीत, त्याबद्दल समितीतर्फे आभार. यंदा समितीत एका पुस्तकावरून चांगलाच वाद झाला. तो वाद आणि त्यातून आम्ही काय ठरवलं, हे आपल्यापुढे मांडायचं आहे.

मुलांच्या कपाटासाठी मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' ही कादंबरी घ्यायचं ठरलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की तिच्या दोन तऱ्हेच्या आवृत्त्या आहेत. एक मूळ मजकुराची. दुसरी २०११ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या न्यूसाउथ बुक्स या प्रकाशनाने काढलेली. तिचे संपादक अ‍ॅलन ग्रिबेन हे ट्वेनचे अभ्यासक आणि प्राध्यापक. त्यांनी मूळ पुस्तकातला एक शब्द काढून त्याजागी 'गुलाम' या अर्थाचा 'स्लेव्ह' हा शब्द घातला. काळ्या माणसासाठी वापरला जाणारा, इंग्रजी 'एन' अक्षराने सुरू होणारा तो शब्द आज तिथली सर्वांत जिव्हारी लागणारी शिवी आहे. या कादंबरीत तो २१९ वेळा येतो.

हे पुस्तक अमेरिकेत १८८५ साली आलं. गोष्ट मात्र त्याच्याही चाळीस-पन्नास वर्षं आधीची, म्हणजे गुलामगिरी चालू असतानाची. हक हा तेरा-चौदा वर्षांचा गोरा मुलगा दारुड्या बापापासून पळतो. जिम हा गुलाम मालकिणीपासून पळतो. दोघं तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून खाली जातात. गोष्ट सांगतो हक, त्याच्या अडाणी बोलीत, आणि तो शब्द त्याच्या तोंडी सहज येतो, कारण त्याच्या गावात दुसरा शब्दच कोणी वापरत नव्हतं.

ग्रिबेन यांनी हा बदल लपूनछपून केला नाही. प्रस्तावनेत काय बदललं आणि का, हे स्पष्ट लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की शिकवायची इच्छा असूनही शिक्षक या शब्दामुळे पुस्तक वर्गात आणू शकत नाहीत. हे खोटं नाही. तीस गोऱ्या मुलांच्या वर्गात एखादंच काळं मूल बसलंय आणि तो शब्द पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचला जातोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. १९८२ साली व्हर्जिनियातल्या एका शाळेत या पुस्तकाला जाहीर विरोध झाला, आणि त्या शाळेचं नावच मार्क ट्वेन यांच्यावरून ठेवलेलं होतं. 'जुनं पुस्तक आहे, चालायचंच' असं आपण लांबून म्हणू शकतो. ज्याला लागतं, त्याला ते म्हणता येत नाही.

मग बदललेली प्रत घ्यावी का? आमच्यातले निम्मे सभासद 'घ्यावी' म्हणत होते. तेव्हा आम्ही एक केलं. पुस्तकातले तीन प्रसंग काढले आणि तिथे 'गुलाम' हा शब्द मनातल्या मनात घालून पाहिला.

पहिला प्रसंग हकच्या बापाचा. तो दारूच्या नशेत सरकारला शिव्या देतोय. कारण काय, तर ओहायो राज्यातून आलेला एक काळा माणूस त्याने पाहिला. उत्तम कपडे, कॉलेजात प्राध्यापक, अनेक भाषा येतात, वर त्याच्या राज्यात त्याला मतदानाचा हक्क. हा माणूस कोणाचाच गुलाम नाही, बापाच्या संतापाचं कारणच ते आहे. तिथे 'गुलाम' लिहिलं की वाक्यच उलटं होतं.

दुसरा प्रसंग. हक एका बाईला थाप मारतो, की आगबोटीवर स्फोट झाला. बाई विचारतात, कोणाला लागलं का? हक सांगतो, नाही, फक्त एक काळा मेला. त्यासाठी तो अर्थातच तोच शब्द वापरतो. बाई म्हणतात, नशीब, कधी कधी माणसांना लागतं! या बाई दुष्ट नाहीत, प्रेमळ आहेत, देवभोळ्या आहेत. मेलेला त्यांच्या लेखी माणसांत मोजलाच जात नाही, तो त्याच्या कातडीमुळे. 'गुलाम' म्हटलं की तो कायद्याचा, मालकीचा प्रश्न होतो. कातडीचा तिरस्कार लपतो.

तिसरा प्रसंग शेवटचा. जिम पकडला जातो, त्याला कोंडून ठेवतात. पुढे कळतं, की त्याची मालकीण दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात तिने त्याला मुक्त केलं होतं. म्हणजे ती सगळी पानं तो गुलाम नव्हताच. तरी लोक त्याला त्याच शब्दाने हाक मारतात. गुलामगिरी कागदाने सुटते, तो शब्द सुटत नाही. ट्वेनने हे पुस्तक लिहिलं तेव्हा गुलामगिरी कायद्याने बंद होऊन वीस वर्षं होत आली होती आणि तो शब्द जोरात चालू होता.

मग तळटीप द्यावी, असा तिसरा मार्ग निघाला. पण तळटीप अज्ञानावरचं औषध आहे. जुनं नाणं, जुना पोशाख, हरवलेली म्हण यांना ती उपयोगी पडते. इथे शब्दाचा अर्थ न कळणं ही अडचण नाही, तो कळल्यामुळेच लागतो. शिवाय २१९ टिपा कोण वाचणार? त्यापेक्षा सुरुवातीला एक नीट लिहिलेलं पान बरं.

याचा अर्थ कुठलाच शब्द कधीच बदलू नये, असं नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ सालच्या एका रहस्यकथेच्या मूळ नावातच हा शब्द होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ती 'अँड देन देअर वेअर नन' या नावाने निघाली, लेखिका हयात असताना. गोष्टीचं काही बिघडलं नाही, कारण तिथे तो शब्द एका बडबडगीतातून आलेला होता, कोणाचा स्वभाव दाखवत नव्हता. तेव्हा आम्ही कसोटी अशी ठरवली: शब्द कोणाच्या तोंडी आहे, आणि तो काढला तर गोष्टीतलं काय कळेनासं होतं?

ही कसोटी आपल्याही कपाटाला लागते. जुन्या मराठीत विधवेसाठी सर्रास वापरला जाणारा शब्द आज शिवी आहे. जातींची नावं शिवीसारखी वापरलेली पानं आपल्या जुन्या कादंबऱ्यांतही आहेत. सासू सुनेला तसा शब्द बोलते, तिथे तो पुरावा आहे. पुढे कोणी तो गुपचूप पुसला, तर त्या सुनेने काय सोसलं तेही पुसलं जाईल.

आम्ही सरकारी कचेरीतली माणसं. नोंदवहीत चूक झाली तर आम्ही ती खरवडत नाही. आडवी रेघ मारतो, वर दुरुस्ती लिहितो, बाजूला सही करतो. खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियम.

तर समितीचा निर्णय असा. मूळ मजकुराची प्रत घेतली आहे. ती लहान मुलांच्या नव्हे, बारा वर्षांवरच्या मुलांच्या कपाटात राहील. पुढच्या कोऱ्या पानावर आम्ही मराठीत एक पान लिहून चिकटवलं आहे. त्यात हा शब्द काय, कोणाला लागतो आणि ट्वेनने तो का ठेवला, एवढंच आहे. रविवारच्या वाचनगटात पुस्तक मोठ्याने वाचताना तो शब्द कोणी उच्चारायचा नाही. तिथे क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं. पानावर शब्द राहील, तोंडात येणार नाही.

समितीत याला दोघांचा विरोध होता, आणि तो आम्ही इतिवृत्तात नोंदवला आहे. आपल्यापैकी कोणाला वेगळं वाटत असेल, तर ग्रंथालयातली वही उघडी आहे.

गणपती बाप्पा मोरया!